दिलगीर, क्षमस्व की माफी? मित्राला उत्तर लिहायचंय

कोरा कागद
कॉलेजपासूनचा आमचा सहाजणांचा गट आहे. दापोलीला जायचं घाटत होतं, खर्चाच्या ईमेल सगळ्यांना जात होत्या. त्यात मी लिहिलं, ‘साहेबांचा पगार तोवर सुरू झाला तर ठीक, नाहीतर आपण वर्गणी काढू.’ साहेब म्हणजे ज्याची नोकरी गेलीय तो. त्याचं उत्तर मला एकट्याला आलं: ‘थट्टा कळली. नोकरीचं मी फक्त तुला सांगितलं होतं. मी येत नाही.’

मी असं लिहिलंय:

> प्रिय मित्रा, माझ्या ईमेलमधील विनोदामुळे तुझ्या भावना दुखावल्या गेल्या असल्यास मी दिलगीर आहे. माझा तसा हेतू नव्हता. कृपया मनाला लावून घेऊ नकोस. चूभूद्याघ्या.

‘दिलगीर’ हलका वाटतो का? ‘क्षमस्व’ जास्त वजनदार होईल का? शब्द सुचवा.

झणझणीत
दिलगीर फारसी, माफी अरबी. आपल्याकडे क्षमा असताना ही उसनवारी कशाला? क्षमा शब्दातच नम्रता आहे. माफी गुन्हेगार मागतो. ‘क्षमस्व’ लिही आणि मोकळा हो.

जुनी टपालपेटी
झणझणीत, व्युत्पत्ती बरोबर आहे, निष्कर्ष नाही. शब्द कुठून आला यावरून तो आज किती मनापासूनचा वाटतो हे ठरत नाही. ‘दिलगीर’चा मूळ अर्थ खिन्न, उदास. जुन्या मराठी पत्रांत माणूस दिलगीर होतो तो दुःखानं, चुकीमुळेच असं नाही. म्हणजे तसा तो भारी शब्द होता. पण माझं आयुष्य वर्तमानपत्राच्या मुद्रितशोधनात गेलं. तिथं फोटोखाली नाव चुकलं की दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर दोन ओळींची चौकट जायची, शेवटी ‘दिलगीर आहोत’. लोकल उशिरा आली की फलाटावर तेच ऐकू येतं. इतक्या वर्षांत या शब्दातला माणूस निघून गेला आणि खातं उरलं. ‘क्षमस्व’ची गत तीच. दूरदर्शनवर चित्र गेलं की ‘व्यत्ययाबद्दल क्षमस्व’ची पाटी यायची, माझ्या पिढीला तीच आठवते. तुमच्या मित्राला पाटी वाचल्यासारखं वाटेल.

शिवाय ‘क्षमस्व’ हे आज्ञार्थी रूप आहे, ‘तू क्षमा कर’. लोक ‘आम्ही क्षमस्व आहोत’ लिहितात, ते व्याकरणाला धरून नाही. ‘माफ कर’सुद्धा आज्ञार्थीच. म्हणजे ज्याला लागलंय त्यालाच तुम्ही काम सांगता, आणि तेही लगेच. ‘दिलगीर आहे’मध्ये तुम्ही स्वतःच्या मनाची स्थिती कळवता. या तिन्हींत तुम्ही काय केलंत ते येतच नाही. ते ‘चुकलो’मध्ये येतं.

मी वऱ्हाडी
आमच्याकडं एवढं काही नसते. ‘चुकलं राजा माहं’ म्हणायचं, चहा पाजायचा, विषय संपला. माझ्या मेव्हण्यानं लग्नात माझ्या पगडीवरून सगळ्यांसमोर टिंगल केली होती. तीन सण आम्ही बोललो नाही. शेवटी तो घरी आला, उभ्या उभ्या म्हणाला, ‘चुकलं.’ बस. पण मला एक सांगा, तुमच्या मित्रानं येणंच रद्द केलं हे जरा जास्त नाही झालं? त्यानंही थोडं समजून घ्यायला पाहिजे होतं.

पानगळ
वऱ्हाडी, त्यानं काय करायला हवं होतं हा इथला प्रश्नच नाही.

कोरा कागद, मी अशा ईमेलच्या दुसऱ्या टोकाला बसलेली आहे, म्हणून सांगते. तुझ्या मसुद्यात मला ‘दिलगीर’ खटकला नाही, ‘असल्यास’ खटकला. त्यानं स्पष्ट कळवलंय की त्याला लागलं, तो येत नाही. मग ‘दुखावल्या असल्यास’ कशासाठी? हे त्याचं उत्तर वाचलंच नाही असं सांगण्यासारखं आहे. आणि ‘भावना दुखावल्या’ हे पुढाऱ्यांच्या खुलाशातलं आहे. भावना समाजाच्या दुखावतात. मित्राला ‘लागतं’.

झणझणीत
‘झोंबलं’ पण म्हणता येईल. जास्त थेट आहे.

पानगळ
नको! झोंबतं ते खरं असतं म्हणून झोंबतं, असा त्याचा वापर आहे. ‘त्याला माझं बोलणं झोंबलं’ म्हटलं की बोलणारा बरोबर होता असं ऐकू येतं.

जुनी टपालपेटी
पानगळताईंनी नेमकं पकडलं. ‘मनाला लावून घेऊ नकोस’चंही तेच. ‘लागलं’मध्ये लागणाऱ्या गोष्टीकडे बोट आहे. ‘लावून घेतलं’ म्हटलं की काम मित्राचं झालं: मी सहज टाकलं, तू उचलून मनाला लावलंस. आणि ‘चूभूद्याघ्या’ तर अजिबात नको. चूकभूल द्यावी घ्यावी हे हिशेबाच्या कागदाचं वाक्य. तुमच्याकडे जास्त आलं असेल तर द्या, आमच्याकडे आलं असेल तर आम्ही देऊ. त्यात चूक दोन्हीकडे असू शकते असं गृहीत आहे. लेखाखाली गमतीनं टाकतात ते ठीक. इथं मित्राच्या खात्यावर काहीच चूक नाही.

कोरा कागद
पटलं. ‘असल्यास’, ‘लावून घेऊ नकोस’, ‘चूभूद्याघ्या’ काढले. आता असं:

> अरे, माझ्या हातून चूक झाली. त्या दिवशी घाईत ते वाक्य लिहिलं गेलं. मस्करीची कुस्करी झाली. मला खरंच वाईट वाटतंय. माझा हेतू तुला दुखवायचा नव्हता.

जुनी टपालपेटी
सूर बोलण्यासारखा झाला, छान. पण क्रियापदं बघा. ‘चूक झाली’, ‘लिहिलं गेलं’, ‘कुस्करी झाली’. सगळं आपोआप घडतंय. मराठीत ही सोय फार सुंदर आहे आणि अशा पत्रात फार घातक. ‘माझ्या हातून कप फुटला’ म्हणतो तेव्हा कप फोडायचा नव्हता हे ‘हातून’ सांगतं. पण ते वाक्य तुमच्या हातून निसटलं नाही. तुम्ही ते जुळवलंत, सगळ्यांना हसू येईल असं वाटलं म्हणून ठेवलंत आणि पाठवलंत. एकच गोष्ट किती प्रकारे म्हणता येते बघा: ‘चूक घडली’ यात तुम्ही नाहीच. ‘माझ्याकडून चूक झाली’ यात तुम्ही आहात, पण कोपऱ्यात. ‘माझं चुकलं’ म्हटलं की चूक तुमची झाली. ‘मी चुकलो’मध्ये कर्ता तुम्ही. पुढचं वाक्यही तसंच कर्त्यासकट यायला हवं: ‘मी लिहिलं’, ‘मी सगळ्यांना पाठवलं’.

मी वऱ्हाडी
पण ‘माझं चुकलं’ आणि ‘मी चुकलो’ यात काय फरक? आम्ही तर ‘चुकलं माहं’च म्हणतो आणि समोरच्याला बरोबर पोचते.

जुनी टपालपेटी
तुमच्याकडे बरोबरच आहे. ‘माझं चुकलं’मध्ये मला लपवाछपवी दिसत नाही. तोंडी तर तेच येतं. माझी तक्रार ‘हातून’ आणि ‘गेलं’बद्दल आहे.

पानगळ
मला मात्र फरक वाटतो. ‘मी चुकलो’ मला थोडं नाटकी वाटतं, रंगमंचावर गुडघे टेकल्यासारखं. ‘माझं चुकलं’ घरातलं आहे. यावर आपलं एकमत होणार नाही, सोडून देऊ.

मला शब्दापेक्षा वेगळंच बोचतंय. कोरा कागद, तू सारखा विनोदाबद्दल बोलतोयस. त्याचं उत्तर परत वाच. पहिलं वाक्य थट्टेबद्दल आहे. दुसरं आहे ‘नोकरीचं मी फक्त तुला सांगितलं होतं’. त्याची खरी तक्रार तिथं आहे. वाक्य हसवणारं असतं, नसतं, बाकीच्या चौघांना कळलं ते कळलंच. तुझ्या दोन्ही मसुद्यांत याचा एक शब्द नाही.

कोरा कागद
…खरंय. मला वाटलं होतं बाकीच्यांना माहीत असेल.

पानगळ
हेही लिहू नकोस. खरं असलं तरी ते तुझी बाजू आहे. त्यानं विचारलं तर सांग.

झणझणीत
मग हेतूबद्दलही लिहायचं नाही? ‘माझा हेतू नव्हता’ हे तर खरं आहे. खरं सांगण्यात काय वाईट?

जुनी टपालपेटी
दुखवायचा हेतू होता असं त्यानं म्हटलेलंच नाही. न केलेल्या आरोपाला उत्तर दिलं की केलेल्या आरोपाचं उत्तर राहून जातं.

‘विनोद’ या शब्दाबद्दलही एक. करणारा म्हणतो गंमत, ज्याच्यावर झाली तो म्हणतो थट्टा, फार लागलं की टिंगल. मित्रानं ‘थट्टा’ लिहिलंय, तुम्हीही थट्टाच लिहा. ‘विनोद’ लिहिलंत तर नाव बदलून सौम्य केल्यासारखं होईल. स्वतःहून ‘कुचेष्टा’ म्हणून स्वतःला फटके मारू नका, नाहीतर तोच तुम्हाला समजावत बसेल की अरे, एवढं काही नाही.

मी वऱ्हाडी
माझ्या मते सगळ्यांना ईमेल कर. टिंगल सगळ्यांसमोर, तर माफी पण सगळ्यांसमोर. मेव्हण्यानं मला एकट्यात म्हटलं, ते अजून मला थोडं खुपते.

पानगळ
लग्नातली पगडी सगळ्यांनी आधीच पाहिली होती. इथं सगळ्यांना लिहिलं तर नोकरीचा विषय चौघांच्या पुढ्यात पुन्हा येईल. त्यालाच विचार.

कोरा कागद
आता हे:

> अरे, माझं चुकलं. तुझ्या नोकरीचं तू फक्त मला सांगितलं होतंस आणि मी ते तुझ्या परवानगीशिवाय सगळ्यांसमोर आणलं, तेही थट्टा करून. तुला ते लागलं. बाकीच्यांना मी काही लिहावं असं तुला वाटतं का? तू म्हणशील तसं करीन, नको म्हणालास तर त्यांच्याशी हा विषय काढणार नाही. दापोलीचं तुझ्यावर आहे, मी विचारत राहणार नाही. लगेच उत्तर दे असं नाही. सॉरी.

‘सॉरी’ चालेल ना? आम्ही एकमेकांना तेच म्हणतो.

झणझणीत
एवढ्या चर्चेनंतर सॉरी? निदान ‘क्षमा कर’ तरी.

जुनी टपालपेटी
तुमच्यात तोच शब्द चालत असेल तर तोच ठेवा. धक्का लागल्यावर म्हणायचं सॉरी हलकं वाटतं ते एकटं असतं म्हणून. इथं त्याच्या आधी सगळं सांगून झालंय.

पानगळ
मी ‘सॉरी’ पहिल्या ओळीत आणलं असतं, पण ते चवीचं आहे. ‘मी विचारत राहणार नाही’ मात्र थोडं रागावल्यासारखं वाचलं जातंय. ‘यावंसं वाटलं तर सांग, जागा धरून ठेवतो’ असं कर.

मी वऱ्हाडी
आणि भेटशील तेव्हा चहा पाज.

जुनी टपालपेटी
‘तुझ्या परवानगीशिवाय’ काढा, अर्जातलं आहे. ‘तुला न विचारता’ लिहा आणि पाठवा.