थकवा की झोप? तुमचे अनुभव सांगा

सुरुवात करणारी, पणजी: गेलं वर्षभर मी "झोप कमी पडते" म्हणून रविवारी दुपारपर्यंत लोळते आणि उठते तेव्हा आणखीच गळालेली असते. असं कोणाचं झालंय का? तुमचं काय निघालं?

शिक्षिका, फोंडा: अगदी हेच माझं होतं. शाळेतून आले की हातपाय शिशाचे. म्हणून रात्री साडेनऊलाच अंथरुणावर जायचे आणि सकाळी साडेसहाला उठायचे. नऊ तास! तरी थकवा तसाच.

डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "दुपारी आडवं व्हायला मिळालं तर डोळा लागतो का?" नाही लागायचा. तासभर छताच्या पंख्याकडे बघत पडायचे. घरी येताना बसमध्ये बाणस्तारीच्या पुलापर्यंत सगळ्यांच्या माना कलायच्या, मी मात्र टक्क जागी. ते म्हणाले, तुम्ही थकलेल्या आहात, झोपाळलेल्या नाही.

दोन आठवडे वहीत लिहायला लावलं. अंथरुणावर नऊ तास, प्रत्यक्ष झोप अंदाजे सहा. बाकीचे तीन तास कूस बदलण्यात. मला समजलं ते असं: दिवसभर जागं राहून जेवढी झोप साठते, तेवढंच आपलं पीठ. ते मोठ्या तव्यावर पसरलं की घावन फाटतो.

मग तवाच लहान केला. रात्री बारा ते सकाळी सहा, एवढंच अंथरूण. रविवारीसुद्धा सहालाच उठायचं, दुपारी पडायचं नाही. पहिला आठवडा भयंकर गेला, स्कूटर घरीच ठेवली, मुलांवर ओरडले. तिसऱ्या आठवड्यात मात्र उशीला डोकं टेकताच झोप. सहापैकी जवळजवळ साडेपाच तास झोप व्हायला लागली, तेव्हा पंधरा मिनिटं वाढवून मिळाली. असं करत आता सात तासांवर आहे. थकवा साफ गेला असं नाही हं. पण रात्रीची धास्ती गेली.

निवृत्त, म्हापसा: हे काहीतरी उलटंच. आठ तास झोप प्रत्येकाला हवीच. आम्ही जेवणानंतर दुकानं बंद करून झोपणारी माणसं, कधी थकलो नाही. ताई, बी-१२ तपासा आधी.

शिक्षिका, फोंडा: तपासलं होतं, काका. ठीक होतं.

टॅक्सीवाला, पेडणे: मला तर कुठेही झोप येते. विमानतळाबाहेर भाडं यायची वाट बघताना, सिग्नलला, एकदा चोडणच्या फेरीबोटीत हँडलवर डोकं ठेवून झोपलो, मागच्यांनी हॉर्न वाजवून उठवलं. बायको म्हणते घोरतोस. मी पण अंथरूण कमी करून बघू काय?

निद्रा-तपासणी तंत्रज्ञ, मडगाव: दादा, तुम्ही अजिबात नका करू! ताईंचं आणि तुमचं उलट आहे. तुमची ती खरी झोप आहे, आणि घोरण्यासोबत असल्यामुळे रात्री श्वास अडकतोय का ते आधी बघायला हवं. तोवर डोळे जड झाले की गाडी बाजूला घ्या.

आमच्याकडे येणारे दोघेही "थकवा"च म्हणतात, म्हणून आम्ही एपवर्थचा तक्ता भरून घेतो. वाचताना, टीव्हीपुढे, जेवून शांत बसल्यावर, गाडी रहदारीत थांबलेली असताना अशा आठ प्रसंगी डुलकी लागण्याची शक्यता किती, त्याला 0 ते 3 गुण. बेरीज 10 च्या वर गेली की झोपाळूपणा जास्त धरतात. पण आकडा कमी आला म्हणून श्वास ठीकच, असंही नाही. काही जणांना, विशेषतः बायकांना, श्वास अडकत असूनही नुसता थकवाच जाणवतो.

म्हापशाच्या काकांचं अर्धं बरोबर आहे. झोप पुरेशी हवीच, पण प्रत्येकाला आठच तास असं नाही. ज्याला खरंच झोप कमी मिळते, त्याला दुपारी बिछाना दिसला की बहुधा पटकन झोप लागते. ताईंना ती लागतच नव्हती. आणि अंथरूण कमी करणं हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. फिट्स येणाऱ्यांना किंवा दिवसभर गाडी चालवणाऱ्यांना ते धोक्याचं आहे.

गृहिणी, डिचोली: माझं कारण तिसरंच. जिना चढले की धाप, केस गळायचे, झोप मात्र छान. हिमोग्लोबिन 12.1, म्हणजे ठीक, म्हणून सगळे म्हणाले टेन्शन असेल. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी पाळी किती जाते ते विचारून फेरिटिन करायला लावलं. 8 आलं, म्हणजे लोहाचा साठाच संपलेला. गोळ्या चालू केल्या, त्याही चहाबरोबर नाही. तीन महिन्यांनी बाजाराची पिशवी न थांबता वर नेली.

सुरुवात करणारी, पणजी: काल दुपारी मुद्दाम पडून बघितलं. चाळीस मिनिटं, झोप नाही. पण मला तापानंतर हे सुरू झालं, आणि थोडं जास्त चालले की दुसऱ्या दिवशी उठवत नाही. हे कुठल्या खणात बसतं?

तंत्रज्ञ, मडगाव: ताई, ते या दोन्हीपेक्षा वेगळं असू शकतं. मेहनतीनंतर दुसऱ्या दिवशी आपटी खाणं, हे डॉक्टरांना याच शब्दांत सांगा. तोवर जबरदस्तीने चालणं वाढवू नका.

टॅक्सीवाला, पेडणे: तक्ता भरला. 17. बायकोने माझे गुण स्वतः लावले तर 20.