लिम्फ नोडची टीबीची स्लाइड: जर्मिनल सेंटरलाच ग्रॅन्युलोमा समजले, मदत हवी आहे

पंचवटीकर_सेकंडइयर
नमस्कार. नाशिकला एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परवा स्पॉटिंगला लिम्फ नोडची स्लाइड आली. दहाच्या लेन्सखाली फिकट गोल भाग आणि भोवती गडद निळी कड दिसली, म्हणून मी 'ग्रॅन्युलोमा' लिहून मोकळी झाले. मॅडमनी पॉइंटर बाजूला सरकवून सांगितलं, "ही जर्मिनल सेंटर्स आहेत, ग्रॅन्युलोमा इकडे आहे." मी नीट बघेपर्यंत बेल वाजली.
आमच्या सेटमधल्या दुसऱ्या एका स्लाइडवर गुलाबी भाग भरपूर आहे, पण जायंट सेल एकही सापडला नाही. तिथे टीबी लिहायचं का? फायनलला हीच स्लाइड येते, कुणीतरी नीट सांगा.

गंगापूररोड_०७
सोपं आहे. जायंट सेल शोध. घोड्याच्या नालासारखी कडेने मांडलेली केंद्रकं दिसली की लँगरहान्स जायंट सेल, म्हणजे टीबी. नाही दिसला तर टीबी लिहू नकोस.

जुनी_पॅथवाली
०७, नालासारखी मांडणी बरोबर, बाकी दोन्ही गोष्टी दुरुस्त करा. त्या पेशीचं नाव लांगहान्स. लँगरहान्स वेगळे, त्यांच्या पेशी त्वचेत असतात. व्हायव्हात हे हमखास विचारतात. आणि जायंट सेल नसला तरी ग्रॅन्युलोमा असतो. तो ठरतो एपिथेलॉइड पेशींवर.

पंचवटीकर, तुझी चूक दरवर्षी निम्मी बॅच करते, कारण सगळे थेट चाळीसवर जातात. आधी चारच्या लेन्सवर पूर्ण तुकडा फिरव. जर्मिनल सेंटर फिकट असलं तरी निळसरच राहतं, कारण त्यात जिवंत लिम्फॉइड पेशी दाटीने असतात. केसिएशन गुलाबी दिसतं. पुस्तकात 'चीजसारखं' लिहिलंय ते गाठ कापल्यावर डोळ्यांना दिसतं त्याबद्दल. स्लाइडवर चीज शोधत बसू नकोस. तिथे भिजवलेल्या रव्यासारखा दाणेदार गुलाबी लगदा असतो, मध्ये फुटलेल्या केंद्रकांची निळी धूळ, आणि पेशींच्या सीमा पुसून गेलेल्या.

त्या लगद्याच्या काठावर ये आणि मग चाळीस लाव. चपलेच्या तळव्यासारखी लांबट, फिकट केंद्रकं दिसतील. एक पेशी कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते ते कळत नाही, त्या एपिथेलॉइड. जायंट सेलही बहुधा त्यांच्यातच सापडतो. त्यांच्या बाहेर लिम्फोसाइटचं कडं. जर्मिनल सेंटरमध्ये मोठ्या मॅक्रोफेजच्या पोटात पेशींचे तुकडे दिसतात, पण ही चपलांची रांग तिथे नसते.

सिडको_गृहिणी
माझ्या आईच्या मानेतल्या गाठीच्या बायोप्सीत हेच शब्द आलेत, केसिएटिंग ग्रॅन्युलोमा. पण झेडएन स्टेन निगेटिव्ह आहे. म्हणजे टीबी नाही ना? डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्यात, त्या थांबवू का?

जुनी_पॅथवाली
ताई, गोळ्या स्वतःहून अजिबात थांबवू नका. गाठीत जंतू फार थोडे असतात, त्यामुळे त्या स्टेनला न सापडणं नेहमीचंच आहे. निगेटिव्हवरून टीबी नाही असं ठरत नाही. त्याच वेळी, ग्रॅन्युलोमा बुरशीनेही होतो, म्हणून डॉक्टर बाकी गोष्टी बघून ठरवतात. गाठीचा तुकडा सीबीनॅट किंवा कल्चरला पाठवला होता का, एवढं त्यांना विचारा. सगळा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकला असेल तर कल्चर होत नाही, फॉर्मॅलिन जंतू मारतं.

स्लाइडकटर
मी टेक्निशियन. काप चार-पाच मायक्रॉनचा असतो. जायंट सेल त्या पातळीत आला नाही तर दिसणार कसा? पुढच्या कापात मिळू शकतो. शिवाय शिकवायच्या जुन्या स्लाइडचा रंग उतरतो, निळा फिका पडला की सगळंच गुलाबी दिसतं. शेजारच्या लिम्फोसाइट नीट निळ्या आहेत का ते आधी बघा.

पंचवटीकर_सेकंडइयर
आज परत बसले. पहिल्या स्लाइडवर लगदा, चपला, कडं, सगळं सापडलं! एका जायंट सेलची केंद्रकं मात्र नालासारखी नाहीत, मधोमध गोळा झालीत. दुसऱ्या स्लाइडवर लिम्फोसाइट गडद निळ्याच आहेत, म्हणजे रंग उतरलेला नाही. पण गुलाबी भागात पेशींच्या अंधुक बाह्यरेषा दिसतात, आणि काठावर चपला नाहीत.

जुनी_पॅथवाली
केंद्रकं मधोमध असलेल्या जायंट सेलही टीबीत असतात, त्यावरून निदान बदलू नकोस. दुसरीबद्दल मी थांबेन. बाह्यरेषा शिल्लक असतील तर ते कोॲग्युलेटिव्ह नेक्रोसिस असू शकतं, गाठीतल्या ट्यूमरमध्येही तसं होतं. नुसत्या वर्णनावरून मी ठरवणार नाही. कडेला विचित्र, मोठ्या केंद्रकांच्या पेशी आहेत का बघ, आणि ब्लॉकचा नंबर घेऊन मॅडमना दाखव.

पंचवटीकर_सेकंडइयर
लेबलवर नंबर अर्धा पुसलाय. सोमवारी डेमो रूममध्ये रजिस्टर बघते.