मदत हवी आहे: डेमोतला आवाज आणि स्क्रीन जुळत नाहीत

सांगली मार्केट यार्डातल्या हळद अडत्यांसाठी असलेल्या बिलिंग सॉफ्टवेअरचा दीड मिनिटाचा डेमो करतोय. शेतकऱ्याचं नाव निवडायचं, पोती, वजन, दर भरायचे आणि पट्टी छापायची, एवढंच.

निवेदनाच्या पहिल्या मसुद्यात "आता उजवीकडच्या हिरव्या बटणावर क्लिक करा" अशी वाक्यं होती. दिसतंय तेच ऐकू येत होतं. शिवाय आपलं क्रियापद शेवटी, त्यामुळे "क्लिक करा" येईपर्यंत पुढची स्क्रीन उघडलेली! मग बटणांची नावं काढून फक्त हेतू ठेवला: "वजन भरलं की हमाली, तोलाई आपोआप वजा होते." हे छान बसलं. पण यादीत एकाच नावाचे दोन शेतकरी येतात, ते गावावरून ओळखायचे. तिथे काही बोललो नाही, तर बघणाऱ्याच्या ते लक्षातच येत नाही.

स्क्रीन पुन्हा रेकॉर्ड करता येणार नाही, फ्रेम मात्र थांबवता येते. लोक मोबाइलवर बघणार, म्हणजे अक्षरं बारीक.

कोणती क्रिया बोलून दाखवायची आणि कुठे गप्प बसायचं, हे कशावरून ठरवता? आणि वाक्य क्लिकच्या आधी संपवता, की क्लिकसोबत सुरू करता?