मदत हवी आहे: शेंगदाण्याच्या पेस्टचं जेल्डाल, प्रोटीन जास्त येतंय आणि रीडिंगही जुळत नाहीत

सानिका_क्यूसी

नमस्कार मंडळी. भाजलेल्या शेंगदाण्याच्या पेस्टमधलं क्रूड प्रोटीन काढतेय. त्याच बॅचचा बाहेरच्या लॅबचा रिपोर्ट २५.७ टक्के आहे. माझी तीन रीडिंग २७.६, २६.१ आणि २८.२ आली आहेत. म्हणजे रिपोर्टपेक्षा सगळी जास्त, आणि आपसातही मेळ नाही.

पद्धत नेहमीचीच. साधारण १ ग्रॅम नमुना, ७ ग्रॅम पोटॅशियम सल्फेट, थोडं कॉपर सल्फेट, १२ मिली कॉन्क सल्फ्युरिक, ब्लॉक ४२० अंशांवर. मग ४० टक्के कॉस्टिक, डिस्टिलेशन, बोरिकमध्ये झेल, ०.१ नॉर्मल एचसीएलने टायट्रेशन. फॅक्टर ६.२५.

एक हिशोब पूर्ण देते. नमुना १.०१२ ग्रॅम, रीडिंग ३२.१० मिली, ब्लँक ०.१५.
नायट्रोजन % = (३२.१० − ०.१५) × ०.१ × १.४००७ ÷ १.०१२ = ४.४२. त्याला ६.२५ ने गुणून २७.६.

अमोनियम सल्फेटची रिकव्हरी ९९.६ टक्के आहे, त्यामुळे मशीनवर संशय नाही. मग हा जादा नायट्रोजन येतोय कुठून?

ब्युरेटबहाद्दर

जास्त येतंय म्हणजे ब्लँक बघा. नमुना बटर पेपरवर तोलून कागदासकट ट्यूबमध्ये टाकत असाल, तर ब्लँकमध्येही तोच कागद हवा. शिवाय ब्लँक नुसत्या ॲसिडचा नको, थोडी साखर घालून करा. नमुना जळताना जी झटापट होते ती ब्लँकमध्येही व्हायला हवी ना. एचसीएलची नॉर्मॅलिटी शेवटची कधी काढली होती? ती ०.१ च्या खाली उतरली असेल तरी उत्तर फुगतं. माझ्या मते रोग टायट्रेशनमध्येच आहे.

भट्टीकाठचा

साखरेच्या ब्लँकचं बरोबर आहे, करायलाच हवा. पण ब्लँकमधल्या चुकीने तिन्ही रीडिंग एकाच दिशेने सरकतील. आपसात दोन टक्क्यांची फाकाफाक त्याने होणार नाही. नॉर्मॅलिटीचंही तेच. आणि ॲसिड पातळ झालं असतं तर अमोनियम सल्फेट १०० च्या वर गेलं असतं.

सानिका, प्रोटीन थोडा वेळ बाजूला ठेवा आणि नुसता नायट्रोजन बघा. तुमचा ४.४२, ४.१८ आणि ४.५१, सरासरी ४.३७. शेंगदाण्याला ६.२५ लावत नाहीत, ५.४६ लावतात. त्याने गुणलं की २४.१, २२.८ आणि २४.६ येतं. बाहेरच्या लॅबने ५.४६ लावला असेल तर तुमचं प्रोटीन जास्त नाही, कमी आहे. नायट्रोजन कुठेतरी गळतोय आणि मोठ्या फॅक्टरने ती गळती झाकून टाकली आहे. आधी त्या लॅबला फॅक्टर विचारा.

मग तीन गोष्टी सांगा. डायजेशन एकूण किती वेळ चालतं? फ्यूमचं सक्शन पूर्ण उघडं असतं का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, ट्यूब गार झाल्यावर आतला माल कसा दिसतो?

सानिका_क्यूसी

फॅक्टर विचारला. ५.४६ च! रिपोर्टवर कुठेही छापलेलं नाही.

डायजेशन अडीच तास. खरं तर तासाभरात निळसर हिरवं स्वच्छ होतं, पण सुरुवातीला फेस वर चढतो आणि काळे कण भिंतीला चिकटतात, ते जाईपर्यंत ठेवते. स्क्रबर पहिल्यापासून फुल्ल, नाहीतर धूर खोलीत येतो. गार झाल्यावर दगड होतो. पाणी घातलं तरी लवकर विरघळत नाही, ट्यूब हलवत बसावं लागतं. एका ट्यूबमध्ये जरा ओलसर राहतो, बाकी दोन्हींत कडक.

नाला_ते_नळ

आमच्याकडे सांडपाण्यात असंच होतं. जेल्डालमध्ये नायट्रेट धरलं जात नाही, म्हणून एकूण नायट्रोजन कमी दिसतो. सॅलिसिलिक ॲसिड घालून मग डायजेशन करा, नायट्रेट पकडलं जाईल.

भट्टीकाठचा

@नाला_ते_नळ, मुद्दा खरा आहे, पण इथला नाही. शेंगदाण्यात नायट्रेट दखल घेण्याइतकं नसतं. आणि असलं तरी ते प्रोटीन नाही, ते मोजलं गेलं नाही तर उलट बरंच.

सानिका, तो दगडच तुमचं उत्तर आहे. गार झालेला माल पातळ राहायला हवा, फार तर तळाशी थोडे खडे. दगड झाला म्हणजे शेवटी ॲसिड उरलंच नाही, नुसतं मीठ राहिलं.

हिशोब बघा. सेंद्रिय माल जाळताना सल्फ्युरिक स्वतः खर्ची पडतं. ढोबळमानाने १ ग्रॅम फॅट १० मिली ॲसिड खातं, १ ग्रॅम प्रोटीन ५ मिली, १ ग्रॅम कार्बोहायड्रेट ४ मिली. तुमच्या १ ग्रॅम पेस्टमध्ये निम्मं तेल, म्हणजे तिथेच ५ मिली गेलं. बाकीचं धरून ७. बारातले उरले ५. त्यात अडीच तास फुल्ल सक्शन, म्हणजे आणखी एक-दोन मिली वाफ होऊन स्क्रबरमध्ये.

आता पोटॅशियम सल्फेट घालतो कशाला, तर ॲसिडचा उत्कलनबिंदू वाढावा म्हणून. सुरुवातीला ७ ग्रॅम मीठ १२ मिलीत होतं, शेवटी तेच ७ ग्रॅम तीन-चार मिलीत. मिश्रण हवं त्यापेक्षा फार तापतं आणि ॲसिडने धरून ठेवलेला अमोनिया सुटून धुराबरोबर निघून जातो. कोणत्या ट्यूबमधून किती गेला हे तिथे किती ॲसिड उरलं त्यावर ठरतं. रीडिंग फाकतात ती म्हणूनच. ओलसर राहणारी ट्यूब ४.५१ वाली होती का, बघा बरं.

ब्युरेटबहाद्दर

पण अमोनियम सल्फेट ९९.६ आलंय की! अमोनिया उडत असता तर तिथेही दिसला असता.

भट्टीकाठचा

ते ब्लॉकवर गेलंच नसणार. बहुतेक लॅबमध्ये अमोनियम सल्फेट थेट डिस्टिलेशनला लावतात. त्यातून कॉस्टिक पुरेसं आहे, वाफ गळत नाही आणि बोरिक अमोनिया पकडतंय एवढंच कळतं. भट्टीवर काय होतं ते कळत नाही.

चाचणी अशी करा. ०.१२ ग्रॅम अमोनियम सल्फेट, ०.५ ग्रॅम रिफाइंड तेल आणि ०.३५ ग्रॅम साखर एका ट्यूबमध्ये घेऊन पूर्ण अडीच तास नेहमीसारखं डायजेशन करा. तेल आणि साखरेत नायट्रोजन नाही, पण ॲसिड ते पेस्टइतकंच खातात. अमोनियम सल्फेट मुळात अमोनियाच आहे, त्याला तोडायचं काही नाही. त्यामुळे रिकव्हरी घसरली तर अर्थ एकच, भट्टीवर उडतंय.

ही रिकव्हरी चांगली आली तर मात्र मी चुकीच्या दिशेला आहे. मग ट्रिप्टोफॅन लावा. त्यात नायट्रोजन १३.७२ टक्के, आणि त्यातला निम्मा इंडोलच्या कड्यात अडकलेला, सहजी सुटत नाही. ट्रिप्टोफॅन कमी आणि अमोनियम सल्फेट पूर्ण, असं आलं तर डायजेशनच अपुरं.

सानिका_क्यूसी

ओलसर ट्यूब ४.५१ वालीच निघाली. आणि हो, अमोनियम सल्फेट आम्ही थेट डिस्टिलेशनलाच लावतो. उद्या दोन्ही चाचण्या लावते.

लेबलवाली

मध्येच बोलते. फॅक्टरबद्दल इतक्या ठामपणे बोलू नका. कोडेक्सच्या पोषण लेबलिंगच्या मार्गदर्शक तत्त्वांत वेगळा फॅक्टर दिलेला नसेल तर ६.२५ च आहे. लेबलसाठी काम असेल तर माल जिथे विकायचा तिथला नियम काय म्हणतो ते आधी बघा. शास्त्र काय म्हणतं ते नंतर.

भट्टीकाठचा

मान्य. लेबलवर काय छापायचं ते नियम ठरवेल. पण दोन लॅबचे आकडे ताडून बघताना नायट्रोजनच ताडा, प्रोटीन नको.

५.४६ हवेतून आलेला नाही. ६.२५ मागे प्रोटीनमध्ये १६ टक्के नायट्रोजन असतो हे गृहीत आहे. शेंगदाण्याच्या प्रोटीनमध्ये तो साधारण १८.३ टक्के, कारण त्यात आर्जिनिन भरपूर आणि आर्जिनिनच्या एका रेणूत नायट्रोजनचे चार अणू. शंभराला १८.३ ने भागा, ५.४६ येईल. दुधाचं उलटं. तिथे १५.७ च्या आसपास, म्हणून ६.३८. जोन्सने १९३१ मध्ये हे तक्ते मांडले, अजून तेच चालतात.

अळंबीप्रेमी

मग अळंबीला कोणता? माझं ६.२५ ने भलतंच जास्त येतं. कायटिनमधला नायट्रोजनही त्यात मोजला जातो ना?

भट्टीकाठचा

हो, जेल्डालला कायटिन आणि प्रोटीन यातला फरक कळत नाही. ४.३८ वापरतात, पण वेगळा धागा काढा, इथे खिचडी होईल.

सानिका_क्यूसी

निकाल. अमोनियम सल्फेट, तेल आणि साखर, जुन्या पद्धतीने: रिकव्हरी ९३.८ टक्के, आणि ट्यूबमध्ये परत दगड. भट्टीवरच उडत होतं.

मग नमुना ०.५ ग्रॅमवर आणला. ॲसिड १२ मिलीच ठेवलं. पहिला अर्धा तास ब्लॉक कमी तापमानावर, फेस बसला की ४२०. सक्शन सुरुवातीला मोठं, दाट धूर ओसरला की धूर बाहेर येणार नाही इतपतच. स्वच्छ झाल्यावर आणखी तासभर, बस. भिंतीवरचे कण ट्यूब जरा गार करून फिरवली की खाली येतात, त्यासाठी तास घालवायची गरजच नव्हती. गार झाल्यावर माल पातळ, तळाशी चार खडे.

नायट्रोजन ४.६८, ४.७२ आणि ४.६६ आला. ५.४६ ने २५.६, २५.८ आणि २५.४. नव्या पद्धतीने अमोनियम सल्फेट ९९.२, ट्रिप्टोफॅन ९८.५.

ब्युरेटबहाद्दर

झकास. पण अर्धा ग्रॅम म्हणजे नमुना एकसारखा हवा. पेस्टवर तेल सुटतं, वरचं घेतलं की प्रोटीन कमी, तळाचं घेतलं की जास्त. तोलायच्या आधी बरणी तळापासून ढवळा. हे माझ्या अंगावर आलेलं आहे.

भट्टीकाठचा

हे अगदी खरं. आणि नमुना अर्ध्यावर आणायचा नसेल त्यांनी ॲसिड १५ मिली करावं, पण मग कॉस्टिकही ६० मिलीच्या वर न्यावं. कॉस्टिक पडल्यावर ट्यूबमधला रंग गडद निळा किंवा काळपट झाला नाही तर ते पुरलेलं नाही असं समजा.

सानिका_क्यूसी

आभार सगळ्यांचे. आता पुढचं. याच पेस्टचा दूध पावडर घातलेला प्रकार येणार आहे. शेंगदाण्याला ५.४६, दुधाला ६.३८, मग मिश्रणाला काय लावायचं?

भट्टीकाठचा

रेसिपी माहीत असेल तर भारित सरासरी, पण वजनाच्या प्रमाणात नाही, कोणत्या घटकातून किती नायट्रोजन येतो त्या प्रमाणात.

लेबलवाली

आणि रेसिपी बदलली की फॅक्टरही बदलणार? ऑडिटरला कसं समजावणार? मिश्रणाला मी ६.२५ च लावेन आणि रिपोर्टवर तसं लिहीन.

भट्टीकाठचा

लिहिणार असाल तर माझी हरकत नाही. पण सोबत नायट्रोजनचा आकडाही छापा, म्हणजे ज्याला हवं तो आपला फॅक्टर लावेल.

लेबलवाली

तो रकाना आमच्या फॉरमॅटमध्ये नाहीये. विचारून बघते.