‘क्षपण’ म्हणजे नेमके काय घटते?

जिज्ञासू : दहावीतल्या मुलीचा अभ्यास घेताना एका शब्दापाशी अडलो. ‘क्षपण’ या शब्दात क्षयाचा, घटण्याचा अर्थ आहे; पण क्षपण होते तेव्हा इलेक्ट्रॉन मिळतात, असे तिच्या वहीत लिहिलेले आहे. मिळण्याला घटणे का म्हणावे?

खडूफळा : ऑक्सिजन घटतो, म्हणून क्षपण. ऑक्सिजन आला की ऑक्सिडीकरण, गेला की क्षपण, एवढे पाठ असले की पुरते.

जस्तफूल : पुरत नाही. मोरचुदाच्या निळ्या द्रावणात जस्ताची पट्टी बुडवून ठेवली, तर तिच्यावर आधी काळसर आणि मग तांबूस थर चढतो आणि द्रावणाचा निळेपणा विरत जातो. सल्फेटमधला ऑक्सिजन जिथल्या तिथेच राहतो. जस्ताचा अणू दोन इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतो आणि तांब्याचा आयन तेच दोन घेऊन धातू होऊन पट्टीवर बसतो, म्हणून 65.4 ग्रॅम जस्त विरघळले की 63.5 ग्रॅम तांबे मिळते. इलेक्ट्रॉन ऋणप्रभारी असल्यामुळे तो मिळताच तांब्याचा प्रभार +2 वरून शून्यावर येतो. घटतो तो हा प्रभार, त्यामुळे शब्द चुकलेला नाही.

ताम्हण : आमच्याकडे तांब्याची भांडी चिंचेने घासली की काळा थर निघून लखलखीत तांबे दिसते. म्हणजे चिंच तांब्याचे क्षपण करते, असेच ना?

जस्तफूल : नाही, पण उदाहरण फार चांगले दिलेत. तो थर कॉपर ऑक्साइडचा धरला, तर घडते ते असे :

CuO + 2H⁺ → Cu²⁺ + H₂O

तांबे आधीही +2 आणि नंतरही +2. थर पाण्याबरोबर वाहून जातो. चकाकते ते त्याच्या खालचे तांबे. इथे ऑक्सिजन तांब्यापासून सुटला, तरी क्षपण झाले नाही आणि खडूफळा यांचा नियम फसला. हीच काळी पूड हायड्रोजनमध्ये तापवली, तर मात्र तिचेच तांबे होते आणि ते खरे क्षपण.

खडूफळा : मान्य. पण त्या वेळी तयार होणाऱ्या पाण्यात हायड्रोजनने इलेक्ट्रॉन पूर्ण सोडलेला नसतो, ते दोघांत वाटलेले असतात. मग तुमचे ‘स्थलांतर’ तरी कितपत खरे?

जस्तफूल : हा आक्षेप योग्य आहे. सामायिक इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडे झुकलेले असल्याने हिशेबापुरते ते सगळे त्याचेच मानतात. तिथला +1 हा मोजलेला प्रभार नव्हे. जस्त आणि तांबे यांच्याबाबत मात्र शंकेला जागा नाही. दोन्ही धातू आपापल्या क्षाराच्या द्रावणात वेगवेगळ्या पेल्यांत ठेवून पेले क्षारसेतूने आणि पट्ट्या तारेने जोडल्या, की तेच इलेक्ट्रॉन तारेतून जातात आणि सुमारे 1.1 व्होल्ट मिळतात.

जिज्ञासू : ‘क्षपण’ उलगडले. पण ज्या क्रियेत ऑक्सिजनचा संबंधच नाही, तिला मुलीसमोर ‘ऑक्सिडीकरण’ कसे म्हणू? दुसरा शब्द सुचतो का कोणाला?

ताम्हण : ‘इलेक्ट्रॉनत्याग’ चालेल?

खडूफळा : परीक्षेत गुण जातील.