इन्स्टॉलनंतर CE-34878-0: आधी Rebuild Database की आधी डिस्क तपासायची?

राजीवनगरची प्लेयर: पीएस४ स्लिम, ५०० जीबी, मूळचीच हार्डडिस्क. परवा इन्स्टॉल चालू असताना लाईट गेली. नंतर इन्स्टॉल पूर्ण झालं, पण गेम सुरू केला की पहिल्या मिशनमध्ये CE-34878-0 येतो आणि बाहेर फेकतो. बाकीचे गेम चालतात. रिबिल्ड करू की डिस्क तपासू?

सिडको_गेमर: सरळ रिबिल्ड कर. कन्सोल पूर्ण बंद कर, पॉवरचं बटण दुसरी बीप येईपर्यंत दाबून धर, कंट्रोलर केबलने जोड, पाचवा पर्याय. गेम जात नाही, सेव्ह जात नाही. रामबाण आहे, माझ्याकडे दर वेळी चाललंय.

दुरुस्तीवाला_नाशिकरोड: रामबाण कसला? रिबिल्ड ड्राइव्हवरच्या मालाची यादी नव्याने बनवतो, माल तपासत नाही. आयकॉन राखाडी राहिलाय, डिलीट केलेला गेम अजून दिसतोय, मेनू रखडतोय, तिथे त्याचा उपयोग. गेमची एखादी फाईल लाईट जाताना अर्धवट लिहिली गेली असेल, तर नव्या यादीतही ती अर्धवटच. शिवाय हा कोड एवढंच सांगतो की गेम कोसळला. कारण गेमचा बग असेल, खराब सेव्ह असेल, नाहीतर डिस्क.

सिडको_गेमर: फुकट आहे, थोड्या वेळात होतं, मग करून बघायला काय हरकत आहे?

दुरुस्तीवाला_नाशिकरोड: हरकत नाही, पण आधी सेव्ह पेनड्राइव्हवर घे. Settings मध्ये Application Saved Data Management. डिस्क खरंच खराब होत असेल तर रिबिल्डसाठी ती भरपूर वाचावी लागते, आणि मधेच अडकलं की पुढचं निस्तरत बसा. आमच्याकडे येणारे निम्मे लोक रिबिल्ड करून, सेव्ह न घेता आलेले असतात.

पंचवटीकर: डिस्कवर ओरखडे असतील. मऊ कापडाने मधून बाहेर पुसा. माझ्या पीएस५ ला असंच झालं होतं, तिथे CE-100005-6 यायचा.

दुरुस्तीवाला_नाशिकरोड: काका, ताई हार्डडिस्कबद्दल विचारतायत, तुम्ही गेमच्या चकतीबद्दल बोलताय. तुमचा कोड चकती वाचताना येतो. पीएस४ वर इन्स्टॉल झालं की गेम हार्डडिस्कवरून चालतो, चकती फक्त ‘आहे ना जवळ’ एवढं बघायला लागते. ओरखडा असता तर इन्स्टॉलच अडकलं असतं.

पंचवटीकर: बरं, मग माझं वेगळं. तरी पुसून घ्या, त्याने काही बिघडत नाही.

राजीवनगरची प्लेयर: पण डिस्क तपासायची कशी? कन्सोलमध्ये तसा पर्यायच दिसत नाही.

दुरुस्तीवाला_नाशिकरोड: नाहीच. चुकीच्या पद्धतीने बंद झाल्यावर सुरू होताना जी पट्टी येते ती नोंदी जुळवते, प्रत्येक फाईल वाचत नाही. म्हणून आडवाटेने जायचं. यूएसबी ३ ची, २५० जीबी किंवा मोठी डिस्क घ्या, कन्सोलवर फॉरमॅट करा (तिच्यावरचं सगळं पुसलं जाईल) आणि तो गेम तिकडे Move करा. हलवताना कन्सोलला गेमची फाईल न् फाईल वाचावी लागते. एकाच जागी अडकलं किंवा एरर देऊन थांबलं, तर आतली डिस्क वाचता येत नाहीये. सुरळीत हललं, तरी त्याच मिशनला कोसळलं, तर फाईल मुळात चुकीची आहे किंवा गेमचाच दोष. मग अपडेट बघा आणि डिलीट करून पुन्हा इन्स्टॉल करा.

सिडको_गेमर: मग थेट डिलीट करूनच इन्स्टॉल का नको? एवढा घोळ कशाला?

दुरुस्तीवाला_नाशिकरोड: कारण त्याने दुखणं झाकलं जातं. वाचता न येणाऱ्या जागेवर नव्याने लिहिलं की ड्राइव्ह ती जागा बाद करून राखीव जागा वापरतो. गेम चालू लागतो, तुम्ही खूश. पुढच्या महिन्यात दुसरा गेम कोसळतो. शंका असेल तर डिस्क काढून यूएसबी अडॅप्टरने पीसीला लावा आणि CrystalDiskInfo मध्ये C5 आणि 05 या ओळी बघा. शेवटच्या स्तंभातले आकडे शून्य असतील तर ठीक, दोन-तीन दिवसांत वाढत गेले तर डिस्क बदला. आणि विंडोज Initialize Disk विचारेल तेव्हा Cancel. तिथे ओके दाबून आलेले पाहुणेही बघितलेत.

राजीवनगरची प्लेयर: सेव्ह घेतले, Move लावलं. निम्म्याच्या पुढे पट्टी बराच वेळ एकाच जागी होती, मग पुढे सरकली. गेम बाहेरच्या डिस्कवरून मिशन पार करून गेला. आता आतली खराब म्हणायची का?

सिडको_गेमर: चालतोय ना, मग खेळ! बाहेरच्या डिस्कवरच राहू दे.

दुरुस्तीवाला_नाशिकरोड: थांबली आणि पुढे गेली, म्हणजे पुन्हा पुन्हा प्रयत्न करून वाचलं असेल, नाहीतर बाहेरचीच डिस्क संथ. नुसतं एवढ्यावरून सांगता येत नाही, C5 बघितल्याशिवाय मी डिस्क बदला म्हणणार नाही. पण गेम बाहेर नेला तरी सेव्ह आतल्याच डिस्कवर लिहिले जातात, तेव्हा तो पेनड्राइव्ह पुसून दुसऱ्याला देऊ नका.

सिडको_गेमर: आणि मी म्हणतो, आता तरी एकदा रिबिल्ड कर.