मदत हवी आहे: डिझायनरचं अप्रेझल कसं करायचं? शनिवारपर्यंत फॉर्म द्यायचाय

मसालेदार
मंडळी, जरा पटकन सांगा. आमच्याकडे एकच डिझायनर आहे आणि त्याचं वार्षिक अप्रेझल माझ्या गळ्यात पडलंय. फॉर्मवर 'कामाचा दर्जा' आणि 'सर्जनशीलता' असे दोन रकाने आहेत, १ ते ५ गुण. मी दोन्हीकडे ३ ठोकले. पोरगं शांतपणे म्हणालं, "सर, ३ कुठल्या कामावरून? आणि ४ मिळायला काय करायला हवं होतं?" मला काही सांगता आलं नाही. हिशेबनिसाच्या चुका मोजता येतात, सेल्सवाल्याला टार्गेट असतं. याचं काय मोजायचं? शेवटी आवडलं की नाही आवडलं, एवढंच ना? कोणाकडे तयार फॉरमॅट असेल तर टाका.

एक्सेलकर
सोपं आहे. प्रत्येक कामाला दुरुस्तीच्या किती फेऱ्या झाल्या ते मोजा. दोन फेऱ्यांत पास तर ५, पाचच्या वर गेलं तर १. वर्षाची सरासरी काढा की झालं. आकड्याशी कोणी भांडत नाही.

शिरोरेखा
थांबा. आधी हे तर कळू द्या की तो डिझाइन कशाचं करतो? ॲपचे स्क्रीन, साड्या, फर्निचर? काम पास कोण करतं? काम सांगताना लिहून देता की तोंडी? आणि वर्षाच्या सुरुवातीला 'चांगलं काम म्हणजे काय' याबद्दल त्याच्याशी काही बोलणं झालं होतं का?

भटक्या खवय्या
माझा भाचा ग्राफिक्स करतो, हात चांगला आहे. सध्याचा जमत नसेल तर नंबर व्यनि करतो.

मसालेदार
@भटक्या, माणूस बदलायचा नाहीये हो!
@शिरोरेखा, माझ्या नावावरून कळेल असं वाटलं होतं. मसाले, पापड, लोणची. तो पाउच, खोकी, दुकानातली पोस्टरं आणि इन्स्टाग्राम बघतो. पास मालक करतात, कधी कधी त्यांच्या घरूनही सूचना येतात. काम तोंडी किंवा व्हॉट्सॲपवर सांगतो. सुरुवातीला बोलणं वगैरे काही नाही, हा फॉर्मच एचआरने यंदा आणलाय.

प्रेसवाला
पाउच म्हणजे बहुतेक ग्रॅव्ह्युअर, कोरलेल्या सिलिंडरवरून होणारी छपाई. मग निम्मा दर्जा तर मीच सांगतो, त्यात आवडीनिवडीचा प्रश्नच नाही. प्रत्येक रंगाचा सिलिंडर वेगळा कोरायचा असतो. कोरल्यावर चूक सापडली की सिलिंडर नवा, खर्च पार्टीच्या माथी. आमच्याकडे येणाऱ्या फायलींत ठरलेल्या भानगडी असतात. बारीक काळा मजकूर चार रंगांत केलेला असतो, रंग जरा सरकला की अक्षरं धुरकट. बारकोड लाल रंगात असतो, दिसायला झकास पण स्कॅनर वाचत नाही. पाउचची कड जिथे चिकटवतात त्या सीलमध्ये मजकूर गेलेला असतो. फाँट कर्व्ह केलेला, म्हणजे अक्षरांचे आकार करून टाकलेला नसतो, मग आमच्या मशीनवर मराठीचा खिचडा. तुमच्या प्रेसला विचारा, वर्षभरात किती फायली परत पाठवल्या आणि कशासाठी. त्यांना तोंडपाठ असतं.

शिरोरेखा
प्रेसवाले मुद्द्याचं बोलले. पॅकिंगच्या डिझाइनची तीन ढिगांत विभागणी करा. पहिल्यात तपासून हो-नाही सांगता येतं ते सगळं: प्रेसवाल्यांनी सांगितलेल्या गोष्टी, शिवाय एफएसएसएआयचा नंबर, हिरवा ठिपका, निव्वळ वजन. दुसऱ्या ढिगात 'हे डिझाइन ज्यासाठी केलं ते काम करतं का' हा प्रश्न. तो मताचा असला तरी करून बघता येतो. तिसरा ढीग निव्वळ आवडीचा. मालकांना निळा आवडत नाही, मला हाताने काढलेली चित्रं आवडतात, वगैरे. यावर बोलावं, पण गुण देऊ नयेत.

भांडण होतं ते दुसऱ्यावर. त्यासाठी आधी नमुने ठरवा. त्याच्या कामाला हात लावू नका. किराणा दुकानात जाऊन दहा-बारा पाकिटं विकत आणा, तुमची जुनी, त्याच्या आधीची पाकिटंही घ्या. तुम्ही दोघं एका टेबलावर बसा आणि एकच प्रश्न धरा, समजा, 'सहा फुटांवरून आत काय आहे ते कळतं का'. कुठलं पाकीट २ चं, कुठलं ३ चं, कुठलं ४ चं, ते दोघांनी मिळून ठरवायचं आणि का ते एका ओळीत लिहायचं. आमच्याकडे ३ ची ओळ अशी होती: 'ब्रँडचं नाव लांबून वाचता येतं, पदार्थ कळायला पाकीट हातात घ्यावं लागतं.' ४ ची: 'पदार्थ लांबूनच कळतो, पण त्याच ब्रँडच्या शेजारच्या पाकिटाशी गल्लत होऊ शकते.' 'उत्तम', 'ठीक', 'आकर्षक' असले शब्द या ओळींत येऊ द्यायचे नाहीत. हे झालं की मग त्याचं काम त्या पाकिटांशेजारी ठेवायचं. त्याने विचारलं ना, ४ ला काय हवं होतं? उत्तर टेबलावरच असतं.

एक्सेलकर
एवढा पसारा एका माणसासाठी? फेऱ्या मोजल्या की यातलं सगळं आपोआप येतंच. काम चांगलं असेल तर परत कशाला येईल?

शिरोरेखा
कारण परत पाठवणाऱ्याचं मन बदलतं म्हणून. मसालेदार, एक करा. कुठलंही एक काम उघडा आणि प्रत्येक फेरी कशामुळे झाली ते व्हॉट्सॲपवरून शोधून लिहा.

चित्रकला मास्तर
मी शाळेत चित्रकला शिकवायचो, निवृत्त झालो. एकेक चित्र हातात घेऊन दहापैकी गुण द्यायला लागलं की पहिल्याला ६ आणि शेवटच्याला त्याच तोडीच्या कामाला ८ जातात, मूड बदलतो. म्हणून आम्ही सगळे कागद हॉलमध्ये जमिनीवर पसरायचो आणि आधी नुसते ढीग करायचो. हे त्याच्यापेक्षा बरं, एवढंच बघायचं. गुण सगळ्यात शेवटी. दोघे शिक्षक असू तर दुसऱ्याने पहिल्याचे ढीग न बघता करायचे.
आताच्या पोरांना रेषाच काढता येत नाही, सगळं कॉम्प्युटरवर, तो विषय निराळा.

शिरोरेखा
मास्तर, बरोब्बर! दोन वस्तूंत बरं कुठलं ते माणूस पक्कं सांगतो, एकट्या वस्तूला आकडा देताना डगमगतो. आणि वर्षभरातलं काम पसरा, नाहीतर मार्चमधलं तेवढं आठवतं. निम्मी कामं त्याने निवडावीत, निम्मी तुम्ही, प्रत्येक तिमाहीतलं काहीतरी येईल अशी.

मसालेदार
घ्या. हळदीचं पाउच उघडलं. पाच फेऱ्या. माझा मूळ मेसेज: 'हळद पाउच, जरा उठावदार कर.' पहिली फेरी: आमचंच वजन २०० ग्रॅमवरून १०० झालं. दुसरी: मालकांना पिवळ्याऐवजी लाल हवा. तिसरी: घरून सूचना, ओल्या हळदीचा फोटो टाका. चौथी: बॅच नंबरची जागा सीलमध्ये गेली होती, ही त्याची चूक, प्रेसने पकडली. पाचवी: मालक म्हणाले पहिलंच बरं होतं. म्हणजे एक्सेलकरांच्या हिशेबाने जेमतेम २, आणि त्यातली त्याची फेरी एकच.

मग दिवाळीचे फराळाचे खोके काढले. मी आणि आमचे सेल्सचे काका, दोघांनी वेगवेगळे गुण दिले. मी ४, ते २! काकांचं म्हणणं, दुकानदार चिवड्याऐवजी शंकरपाळ्यांचं खोकं काढून देतो. मी ओळखीच्या दुकानात जाऊन फळीवर लावून बघितलं, खरंच, दोन्हींना तोच केशरी रंग, तीच रांगोळी, पदार्थाचं नाव खाली बारीक. पण भेट द्यायला लोकांनी तेच खोकं आवडीने नेलं. आता सरासरी ३ लिहू?

शिरोरेखा
नका. सरासरीत दोन्ही गोष्टी मरतात. तुम्ही भेटीचं खोकं बघत होता, काका फळीवरचं. 'ओळख' २, 'भेट म्हणून देखणेपणा' ४, असं वेगवेगळं लिहा. आणि त्याला हे खोकं भेटीसाठी म्हणून सांगितलं होतं का ते बघा. दोघांच्या गुणांत एकचा फरक असेल तर सोडून द्या, दोनचा आला की बहुतेक वेळा दोघं वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देत असतात.

प्रेसवाला
नाव बारीक का केलं ते विचारा त्याला. मराठी नावांना अक्षरांत अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि ओळी जवळ घेतल्या की वरची वेलांटी नि रफार कापले जातात. म्हणून पोरं नाव लहान करून मोकळी होतात. इंग्रजीचे लेआउट उचलले की हे व्हायचंच.

मसालेदार
विचारलं. इंग्रजी आणि मराठी दोन्ही नावं त्याच पट्टीत बसवायची असं मालकांनी सांगितलं होतं म्हणे.

पगारी कुंचला
मी दुसऱ्या बाजूचा, बारा महिने हेच करतो. तुमची सहा फुटांची परीक्षा ठीक आहे, पण त्यावर माझी पगारवाढ ठरणार असेल तर मी प्रत्येक पाकिटावर एवढं मोठ्ठं नाव आणि वाटीतला मसाला टाकून मोकळा होईन. सगळी फळी तशीच दिसते ती यामुळेच. नवीन काही करून बघितलं आणि फसलं तर त्याचं काय?

एक्सेलकर
मग विक्रीवर ठेवा. खोकं खपलं की डिझाइन चांगलं.

मसालेदार
विक्रीवर कसं ठेवू? दिवाळीत आम्ही दुकानदारांना वीस खोक्यांवर एक फुकट दिलं होतं. खप त्याचा की रांगोळीचा?

शिरोरेखा
@पगारी कुंचला, हा प्रश्न खरा आहे आणि माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. आमच्याकडे वर्षातली दोन कामं आधीच 'प्रयोग' म्हणून ठरवतो. त्यांत गुण निकालाला नाहीत. किती वेगळे पर्याय काढले आणि निवडलेला का निवडला ते त्याला सांगता येतं का, हे बघतो. पण प्रयोग कुठला ते शेवटी वरिष्ठच ठरवतात, म्हणजे आवड मागच्या दाराने येतेच.

मसालेदार
ते पुढच्या वर्षी बघू. शनिवारचं काय करू? एचआरला एकच आकडा हवाय, त्यावर टक्केवारी आहे.

शिरोरेखा
आज ठरवलेले निकष मागच्या वर्षाला लावून त्याचे गुण कापू नका, ते त्याला माहीतच नव्हते. पहिला ढीग मात्र लावता येतो, सीलमध्ये मजकूर जाऊ नये हे कोणी सांगायला लागत नाही. 'दर्जा'चा आकडा त्यावरून द्या, प्रेसला विचारून. 'सर्जनशीलते'समोर तीन कामांची नावं आणि प्रत्येकी एक ओळ लिहा: हळद, फराळ आणि त्याच्या पसंतीचं एक. आकडा द्यावाच लागला तर त्याच्यासमोर बसून द्या आणि त्याला पटला नाही तर त्याचं म्हणणं त्याच पानावर लिहू द्या.

मसालेदार
प्रेसला फोन केला. वर्षात तीन फायली परत, त्यातल्या दोन सीलच्या, दोन्ही पावसाळ्याआधीच्या. नंतर एकही नाही. दर्जा ४ करतोय. दुसरा रकाना उद्या त्याच्यासोबत बसून भरतो. घरून येणाऱ्या सूचनांचं काय करायचं ते मात्र कोणी सांगितलं नाही.

एक्सेलकर
फेऱ्यांचा तक्ता करून देतो, 'कोणामुळे' असा रकाना टाकून. 'घरून' हा पर्याय ठेवू का?

प्रेसवाला
ठेवा की. पण तो तक्ता मालकांना कोण दाखवणार?

भटक्या खवय्या
फराळाचं खोकं मुंबईत कुठे मिळेल?